पहिल्या पंगतीत कोण?

विरार स्टेशनातून अर्नाळ्याच्या दिशेनं निघालं की इमारतींची दाटी हळूहळू कमी होते आणि केळी, भाजीपाला, फुलांच्या वाड्या सुरू होतात. नंदाखाल याच पट्ट्यातलं गाव. पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकात इथं उभं राहिलेलं चर्च पवित्र आत्म्याच्या नावाचं आहे. ख्रिस्ती दिनदर्शिकेप्रमाणे या नावाचा मूळ सण म्हणजे पेन्टेकॉस्ट. तो ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कधीतरी येतो. त्या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला हे सर्वांना ठाऊक असतं. पण त्या दिवशी जेरुसलेमला एवढे लोक का जमले होते, हे प्रवचनात क्वचितच सांगितलं जातं. ते एका जुन्या सणासाठी जमले होते. यहुदी लोकांचा सप्ताहांचा सण त्याच दिवशी होता, आणि तो मुळात सुगीचा सण आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात या सणाला कोणी आनंद करायचा याची यादीच दिली आहे. घरचा मालक, त्याचा मुलगा, मुलगी, दास, दासी, गावातला लेवी म्हणजे ज्याच्या वाट्याला जमीन आलेली नाही तो सेवेकरी, मग परका, अनाथ आणि विधवा. यादीत मित्र नाहीत. सोयरेधायरे नाहीत. व्याही-विहीण तर नाहीतच.

ज्या गावाचं चर्चच या सणाच्या नावाचं आहे, तिथल्या सणाच्या जेवणाबद्दल प्रवचन करायचं तर त्याची सुरुवात या यादीपासून व्हायला हवी. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपल्याकडे सणाच्या दिवशी गरिबाला, परक्याला, शेजाऱ्याला जे दिलं जातं ते सण उरकल्यावर केलेलं पुण्यकर्म मानलं जातं. सण आपला, दान त्यांचं. पण ज्या धर्मग्रंथाच्या आधारानं हा सण साजरा होतो, त्यात ही विभागणीच नाही. परका जेवायला बसला नसेल तर त्या ग्रंथाच्या हिशेबानं सण अजून झालेलाच नसतो. हे एकदा मान्य केलं की दोन गोष्टी बदलाव्या लागतात. त्याचा वाटा स्वयंपाकाला लागण्यापूर्वी ठरवावा लागतो, आणि त्याला आपल्या बरोबरीनं, त्याच पंगतीत बसवावं लागतं. पुढचं सगळं विवेचन या दोन गोष्टींपुरतं आहे.

आधी वाट्याचं पाहू. लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात वर्षभराच्या सणांची दिनदर्शिका आहे. कोणत्या दिवशी कोणतं अर्पण, किती कोकरं, किती मैदा, असा तपशील ओळीनं येतो. सप्ताहांच्या सणाचा विधी संपतो तिथं मध्येच शेतीचा एक नियम येतो: कापणी करताना शेताच्या कडा साफ कापू नका, खाली पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. सणाच्या दिनदर्शिकेत कापणीचा नियम घालणाऱ्याला काय सांगायचं असेल? देवळात अर्पण नेण्याआधी शेताच्या कडेला काय उरलं आहे ते बघ, एवढंच. हा वाटा मालकानं खुशीनं द्यायचा नव्हता. तो मालकाचा नव्हताच. इसवी सन २००च्या सुमारास यहुदी आचार्यांनी जे विधिनियम एकत्र केले त्या मिश्नामध्ये या विषयावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. किमान किती सोडायचं तर साठावा भाग. पण शेत किती मोठं, गरीब किती आणि पीक कसं आलं हे पाहून जास्त. गरिबांना शेतात दिवसातून तीन वेळा येऊ द्यायचं. कोयता-विळा वापरू द्यायचा नाही, कारण घाईत एकमेकांना इजा होईल. आणि हा भाग शेताच्या अगदी शेवटच्या टोकाला का ठेवावा, याची कारणं देताना शिमोन नावाच्या आचार्यांनी माणसाचा स्वभाव नेमका ओळखला आहे. मालकानं मनाला येईल तिथं तो भाग सोडला, तर आजूबाजूला कोणी नाही असं बघून तो आपल्याच एखाद्या गरजू नातेवाइकाला बोलावून देईल. शिवाय बाकीचे गरीब कधी सोडणार, कधी सोडणार म्हणून दिवसभर वाट पाहत बसतील. जागा ठरलेली आणि सर्वांना दिसणारी असली की या दोन्ही गोष्टी टळतात.

या नियमात मालकाच्या मोठ्या मनावर काहीच सोडलेलं नाही. मोठं मन सणाच्या गडबडीत हमखास मागे पडतं, हे गृहीत धरूनच नियम केला आहे. आज नंदाखालच्या घरात शेताच्या कडेचा प्रश्न बहुतेकांपुढे नाही. वाडीचे तुकडे झालेत, घरातली माणसं चर्चगेटच्या गाडीनं नोकरीला जातात. पण ज्या क्षणी तांदूळ मोजले जातात तो क्षण अजून प्रत्येक घरात आहे. साठ माणसांच्या जेवणाला साधारण सात किलो तांदूळ लागतात. आणखी दहा माणसं धरली तर सव्वा किलो तांदूळ आणि दोन किलोच्या आसपास मटण वाढतं. खर्चाच्या दृष्टीनं हे फार नाही. फरक पडतो तो ही दहा माणसं मोजणीत कधी येतात यानं. तांदूळ मोजताना आली तर ती पाहुणी असतात. जेवणं झाल्यावर टोपात उरलेल्या भातावरून आठवली तर ती विल्हेवाट असते, आणि पुढ्यात आलेल्या थंड भातावरून त्या माणसालाही ते कळतं. इस्लाममध्येही वेळेचा हा मुद्दा पक्का बांधलेला आहे. रमजान ईदच्या नमाजाला जाण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे सुमारे अडीच-तीन किलो धान्य गरिबाला पोचलं पाहिजे, म्हणजे त्याच्याही घरी त्याच सकाळी ईद होते. नमाजानंतर दिलं तर ते साधं दान, ईदचा हिस्सा नव्हे.

आता पंगतीचं. सप्ताहांच्या सणाला यहुदी परंपरेत रूथचं पुस्तक वाचतात. नंदाखाल परिसरातल्या जेलाडीत जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलला साहित्य अकादमीचा २०१३चा अनुवादासाठीचा पुरस्कार मिळाला. त्यामुळे रूथचं पुस्तक इथल्या वाचकाला परकं नाही. रूथ मवाबी, म्हणजे इस्राएली लोकांच्या दृष्टीनं शत्रूच्या मुलखातली. तीही विधवा. सासू नामीच्या मागोमाग ती बेथलेहेमला येते आणि कापणी करणाऱ्यांच्या मागून पडलेली कणसं वेचते. तो तिचा हक्क आहे, तेवढं कायद्यानं मिळालेलं आहे. दुपारी जेवणाची वेळ होते तेव्हा शेताचा मालक बवाज तिला हाक मारतो, इकडे ये, भाकर घे, तुकडा आंबेत बुडवून खा. ती कापणाऱ्यांच्या रांगेत बसते. बवाज स्वतःच्या हातानं तिच्यापुढे भाजलेले दाणे धरतो. ती पोटभर खाते आणि तिच्या पानात उरतंही. संध्याकाळी ती घरी जाते तेव्हा मळून निघालेला सुमारे बावीस लिटर जव तिच्यापाशी असतो, आणि त्याखेरीज दुपारच्या जेवणातलं राखून ठेवलेलंही असतं. ते काढून ती नामीला देते.

या छोट्या प्रसंगात यजमानपणाची जवळजवळ सगळी कला आहे. बवाजनं आधी तिची चौकशी केली आहे; ती कोण, कुठून आली, सासूसाठी तिनं काय सोडलं, हे त्याला माहीत आहे. तरुण गड्यांना त्यानं ताकीद दिली आहे की हिला हात लावायचा नाही. म्हणजे बोलावण्याआधी त्यानं तिची सुरक्षितता पाहिली. तिला वेगळ्या जागी बसवलं नाही, कामकऱ्यांच्या रांगेतच बसवलं. पोट भरेल आणि वर उरेल इतकं दिलं, पण तिनं काय घरी न्यायचं हे तिच्यावर सोडलं. आणि जेवणाच्या बदल्यात वेचणीचा हक्क काढून घेतला नाही. उलट गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं गाळा. रूथच्या घरी कोणी आहे हे त्याला ठाऊक होतं. सणाला आलेल्या बाईच्या हातात घरच्यांसाठी डबा देताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. तिनं मागण्याची वाट बघितली तर डबा द्यायला उशीर झालेला असतो.

वसईतल्या सणांत यातलं काय आहे? पुष्कळ आहे, आणि ते नाकारणं अन्याय होईल. नाताळात नेवऱ्या, कुलकुलं, केकचं ताट शेजारच्या हिंदू घरी जातं; दिवाळीत करंज्या-चकल्या-लाडूंचं ताट ख्रिस्ती घरी येतं. दंगली आणि अफवांच्या काळातही शेजाऱ्यांमधला विश्वास टिकतो त्यामागे अशा ताटांचा हात असतो. पण ताट रिकामं परत करायचं नाही हा आपल्याकडचा रिवाज. ज्या घरी ताट जातं त्या घरून ताट येणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू एका परुश्याच्या घरी जेवायला बसलेला आहे आणि यजमानाला नेमकं हेच सांगतो: जेवण घालशील तेव्हा मित्रांना, भावांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते परत बोलावतील आणि तुझी फेड होईल; ज्यांना फेडता येत नाही त्यांना बोलाव. हा उपदेश नातेवाइकांना घराबाहेर काढण्याचा नाही. येशू स्वतः लग्नाच्या मांडवात जात होता. त्याचा रोख परतफेडीवर आहे. आहेराच्या वहीत ज्याचं नाव लिहिता येत नाही असा एकही माणूस पंगतीत नसेल, तर ती पंगत म्हणजे गावकीचा व्यवहार असतो. तो व्यवहार चांगलाही असू शकतो. पण अनुवादाच्या पुस्तकानं ज्याला सण म्हटलं तो हा नव्हे.

मराठी समाजाला परतफेडीबाहेरचं जेवण अनोळखी नव्हतं. वैश्वदेव झाल्यावर गृहस्थानं अतिथीची वाट पाहावी, मग जेवावं, असा नियम होता. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि त्या वारांवर पुण्यातल्या कित्येकांची शिक्षणं झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी खेड्यापाड्यांतल्या बायका स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढत. त्या मुष्टिफंडात वेळेचा तोच नियम आहे, आधी वाटा, मग रांधणं. वार लावण्याच्या प्रथेतली मोठी उणीव मात्र उघड आहे. ती जातीच्या आत होती. ज्याला त्या घरचं अन्न चालत होतं आणि ज्याला त्या घरात येऊ देत होते त्यालाच वार मिळत असे. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचं अन्न गावाबाहेरच्या लोकांना वाढलं ही कथा चारशे वर्षं सांगितली जाते याचं कारण हेच की त्यांनी ती भिंत ओलांडली. भाऊरावांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुलं एका पंगतीत बसली, तेव्हा त्या मुठीला पंगतीचाही अर्थ आला.

पंगत हे आपल्याकडचं फार नेमकं माप आहे. मांडवात पहिल्या पंगतीत कोण बसलं आणि शेवटच्या पंगतीत कोण, एवढ्यावरून गावाची सगळी रचना वाचता येते. शेवटच्या पंगतीत आचारी, वाढपी, टोप घासणाऱ्या बाया, मांडववाल्याची पोरं, वाडीत पाणी लावणारा गडी. तोवर इंद्याल संपलेलं असतं आणि रसात बटाटे तेवढे उरलेले असतात, फुगे वातड झालेले असतात. कोणी वाईट हेतूनं हे केलेलं नसतं. पण पहिल्या शतकात करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत हुबेहूब हेच झालं, आणि पौलानं ते वाईट हेतू नव्हता म्हणून सोडून दिलं नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो म्हणतो की तुम्ही जमता ते प्रभूचं भोजन उरतच नाही, कारण कोणी आधीच खाऊन-पिऊन मोकळा होतो आणि कोणी उपाशी राहतो. अभ्यासकांनी त्या काळच्या रोमी घरांच्या अवशेषांवरून याचा उलगडा केला आहे. भोजनकक्षात आठ-नऊ माणसं आडवी होऊन जेवू शकत. बाकीचे तीस-चाळीस बाहेरच्या चौकात. कक्षात यजमानाच्या तोलामोलाचे, चौकात दास आणि रोजंदारीवरचे, जे दिवस मावळल्यावर काम आटोपून येत. पौलाचा उपाय एका वाक्याचा आहे, एकमेकांसाठी थांबा. यात तत्त्वज्ञान काही नाही. जेवणाची वेळ ज्याचं काम सर्वांत शेवटी सुटतं त्याच्यावरून ठरवा. नंदाखालच्या सणात याचा अर्थ इतकाच की घासणाऱ्या बाईला पहिल्या पंगतीत बसवायचं असेल तर तेवढा वेळ घासायला घरातलं कोणीतरी बसलं पाहिजे.

आक्षेप बरेच आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की हे काम संस्था करतात. धर्मग्रामातली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, आश्रम आहेत. सणाला तिथं पैसे दिले, धान्य पोचवलं की झालं. चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या आरंभी कॉन्स्टँटिनोपलचे बिशप असलेले योहान क्रिसोस्तोम यांच्यापुढे लोकांनी हाच मुद्दा मांडला होता. चर्चची अतिथिशाळा आहे, तिथं परक्यांची सोय होते, मग आम्ही कशाला? क्रिसोस्तोम यांचं उत्तर असं की धर्मगुरू प्रार्थना करतात म्हणून तुम्ही प्रार्थना सोडता का? प्रत्येकानं आपल्या घरात एक खोली, निदान एक खाट परक्यासाठी राखावी असं त्यांचं सांगणं होतं. संस्था अवश्य हव्यात. इसवी सन ३६८-६९च्या सुमारास कॅपाडोशियातल्या सीझरियात दुष्काळ पडला तेव्हा बेसिल यांनी कोठारं भरून ठेवणाऱ्यांना प्रवचनात खडसावलं आणि त्याच वेळी डाळीच्या आमटीचे हंडे चढवून उपाशी लोकांना गोळा केलं; तिथं यहुदी मुलांनाही वाढलं गेलं. तसं संकट संस्थेशिवाय निभत नाही. पण संस्थेला दिलेल्या पैशानं गरीब जेवतो आणि आपण त्याला ओळखत नाही. सणाचं जेवण ही ओळख होण्याची वेळ असते. तीच वेळ पावतीवर भागवली तर वर्षात दुसरी मिळत नाही.

दुसरा आक्षेप वसईचा स्वतःचा आहे आणि तो दुखऱ्या जागेतून येतो. परक्यांचं स्वागत करा म्हणता, पण परक्यांनीच तर वसई गिळली. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. विहिरींचं पाणी टँकरनं गेलं, वाड्यांवर इमारती आल्या, कुपारी बोली बोलणारा माणूस आपल्याच गावात अल्पसंख्य झाला. हे दुःख खरं आहे. पण इथं दोन माणसांची गल्लत होते. जमिनीचे व्यवहार केले ते एक, आणि चाळीतली खोली भाड्यानं घेऊन पहाटेची लोकल पकडणारा दुसरा. दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची जी चळवळ चालवली ती जमीन, पाणी आणि झाडांच्या लुटीविरुद्ध होती. भाडेकरूच्या ताटाविरुद्ध ती नव्हती. सप्ताहांच्या सणाच्या नियमाला जोडूनच अनुवादाच्या पुस्तकात त्याचं कारणही सांगितलं आहे: तुम्हीही मिसरात दास होता याची आठवण ठेवा. वसईच्या घराघरांतली पोरं आज आखातात, कॅनडात, जहाजांवर आहेत. तिथं ती परकी आहेत. पहिल्या नाताळाला त्यांना कोणी जेवायला बोलावलं की नाही, हे इथल्या आया फोनवर विचारतातच.

तिसरा आक्षेप दोन्हीकडून येतो. ख्रिस्ती घरानं गरीब आदिवासी किंवा परप्रांतीय कुटुंबाला जेवायला बोलावलं की कोणीतरी म्हणणार, हे धर्मांतरासाठी. आणि उलट बाजूनं, आमच्याकडे डुकराचं इंद्याल, वाईन. मुसलमान शेजारी, शाकाहारी शेजारी येतील कसे? दोन्हींचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. पाहुण्याला काय चालतं हे चार दिवस आधी विचारायचं आणि त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीनं रांधायचं. मांस विकत आणायचं असेल तर त्याच्या विश्वासाच्या दुकानातून. पौलानं रोमकरांना हेच लिहिलं आहे की आपल्या खाण्यानं दुसऱ्याला ठेच लागत असेल तर खाणाऱ्यानं मागे घ्यावं. जेवणाला प्रार्थनेची अट नको, पत्रक नको, फोटो नको. फोटोचा मुद्दा लहान वाटेल, पण ज्या पाहुण्याचा जेवताना फोटो काढून वाटला जातो तो पुढच्या वर्षी येत नाही. आणि बोलावणं दोन्ही दिशांनी चालायला हवं. वारली पाड्यावरच्या लग्नात, चाळीतल्या छठपूजेला, मोहल्ल्यातल्या ईदला जो जाऊन जेवतो, त्याच्या बोलावण्यावर संशय घेणं सोपं नसतं. फेडता न येणाऱ्यांना बोलाव म्हणणाऱ्या येशूनं स्वतः जकातदारांच्या घरी पाहुणचार घेतला होता. नेहमी देणाराच राहणं हीही एक प्रकारची मालकी आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो ज्यांना बोलावायचं त्यांच्या बाजूचा आहे. त्यांना यायला नको असतं. वाडीत काम करणारी बाई म्हणते, डबा द्या, मी घरी जाऊन खाते. यजमानाला वाटतं ती लाजते. ती लाजत नसते, तिला अनुभव असतो. वर्षभर तिला चहा ज्या कपात मिळतो तो कप खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवलेला असतो, कान तुटलेला. सणाच्या दिवशी तिला दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसवून काचेच्या ताटात वाढलं, तर तिला त्या ताटात सन्मान दिसणार नाही; तिला तो कप दिसेल. म्हणून सणाच्या पंगतीची तयारी त्या कपापासून करावी लागते, तीही सणाच्या बऱ्याच आधी. मजुरीचंही तसंच. त्याच अनुवादाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात म्हटलं आहे की मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्या, कारण त्याचा जीव त्यावर टांगलेला असतो. पगार थकवून केलेलं आमंत्रण म्हणजे उसनवारी लांबवणं. घरी डबा हवा म्हणणाऱ्या बाईला डबा द्यावा, चांगला भरून द्यावा, आणि पुढच्या सणाला पुन्हा विचारावं. नकाराचा हक्क नसेल तर आमंत्रणाला अर्थ राहत नाही.

घर लहान, जागा नाही, हा पाचवा आक्षेप. त्यावर फार वेळ घालवायला नको. साठ माणसं बसतात तिथं आणखी दोन बसतात. घरात सहाच माणसं जेवत असतील तर आणखी एक बसतो.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी वाचला जाणारा प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय भाषांच्या चमत्कारासाठी प्रसिद्ध आहे. पार्थी, मेदी, एलामी, मिसरी, रोमी, अरब, ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू आलं. विरार स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी जेवढ्या भाषा कानावर पडतात तेवढ्या जेरुसलेममध्येही असाव्यात. तोच अध्याय संपतो तो घरोघरच्या जेवणांवर. सगळे मिळून भाकर मोडत होते. पण गोष्ट तिथं गोड होऊन थांबत नाही, आणि प्रवचनकारानं तिथं थांबू नये. चारच अध्यायांनंतर, सहाव्यात, तक्रार येते की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं आहे. म्हणजे ज्या मंडळीला भाषांचं वरदान मिळालं, त्याच मंडळीत भाषेवरून काही बायकांच्या ताटात कमी पडू लागलं. कोणी मुद्दाम केलं असं ग्रंथ म्हणत नाही. वाढणारे अरामी बोलणारे असावेत. त्यांना आपल्या ओळखीच्या म्हाताऱ्या दिसत होत्या, दुसऱ्या दिसत नव्हत्या. सणाच्या पंगतीतही हेच होतं. वाढपी ज्याला ओळखतो त्याच्या पानात दुसऱ्यांदा मटण पडतं.

प्रेषितांनी यावर केलेली व्यवस्था आजही तशीच्या तशी करता येण्यासारखी आहे. त्यांनी चांगलं वागा असं आवाहन केलं नाही. सात माणसं नेमून वाटप त्यांच्या हाती सोपवलं. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेतली माणसं, आणि त्यातला शेवटचा तर जन्मानं यहुदीही नव्हता, बाहेरून आलेला. कोठाराच्या किल्ल्या तक्रार करणाऱ्यांच्या हाती गेल्या. नंदाखालसारख्या गावात सणाचं सामुदायिक जेवण ठरतं तेव्हा समितीवर नावं येतात ती जुन्या घराण्यांची. तिथं चाळीतल्या भाडेकरूंपैकी एक, पाड्यावरची एक बाई, वाडीत राबणाऱ्यांपैकी एक, असे निदान तिघे आधीपासून हवेत. पाहुणे म्हणून नव्हे, तर किती तांदूळ घ्यायचा, कोणाला बोलवायचं, जेवण किती वाजता आणि वाढायला कोण हे ठरवणारे म्हणून. ईस्टर ते पेन्टेकॉस्ट सात आठवडे मिळतात. पहिल्या आठवड्यात ही माणसं बसली, तर कोणाच्या घरी मूल आजारी आहे, कोणाची पाळी रात्री आठला सुटते, कोण बकऱ्याचं खात नाही, कोणाच्या म्हाताऱ्या आईला जिना उतरून येता येणार नाही म्हणून ताट वर पोचवावं लागेल, हे सगळं सहाव्या आठवड्यापर्यंत यादीत आलेलं असेल.